भाषणातला किस्सा: हसू नेमकं कुणावर येतं?

समजा, हिंजवडीतल्या एका कंपनीत तिमाही बैठक आहे. खोलीत चाळीसेक माणसं बसली आहेत. निम्मी मराठी, बाकीची चेन्नई, कोची, कोलकाता, लखनौ, इम्फाळ अशा गावांहून आलेली. भिंतीवरच्या पडद्यावर फ्रँकफर्टचे दोघं आहेत. जुन्या सर्व्हरवरचा सगळा डेटा नव्या सर्व्हरवर नेण्याचं तीन महिन्यांचं काम नुकतंच संपलंय, आणि टीम लीडरला त्यावर पाच मिनिटं बोलायचं आहे. नुसते आकडे वाचले तर लोक मोबाईल काढतील हे त्याला ठाऊक आहे, म्हणून सुरुवातीला एक किस्सा सांगायचं त्याने ठरवलंय. बोलणं इंग्रजीत होणार आहे, पण किस्सा आपण मराठीत वाचू. त्याचा पहिला खर्डा असा:

‘रात्रीचे अडीच वाजलेले. माझ्या स्क्रीनवर आकडा नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकलेला. मी घाबरून चेन्नईला आमच्या अण्णाला फोन लावला. तो झोपेतच, “सार, सर्वर ओक्के सार, नेट पारा सार!” म्हटलं, ह्याला इडलीची स्वप्नं पडतायत. मग आणखी चार जणांना उठवलं. फ्रँकफर्टला मेल टाकली, पण उत्तर कसलं येतंय! ते घड्याळाचे गुलाम, ऑफिस सुटलं की जग बुडालं तरी मेल बघणार नाहीत. शेवटी आमची ती नवीन ट्रेनी मुलगी, जिला सर्व्हर कशाशी खातात हेही माहीत नाही, ती म्हणते कशी, “सर, तुमचं वायफाय बंद आहे!” काम केव्हाच झालं होतं!’

हे ऐकून लोक हसतील. किश्श्यात दम आहे. रात्रीचे अडीच, अडकलेला आकडा, घाबरलेला साहेब आणि शेवटी बंद वायफाय. अशा रात्री ज्यांनी काढल्या आहेत त्यांना तो लगेच पटेल. आपण जो विचार करणार आहोत तो याच टप्प्यावरचा आहे. विनोद वाईट असता तर प्रश्नच नव्हता, तो आपोआप गळाला असता. इथे चांगल्या किश्श्याच्या अंगावर चार ठिकाणी दुसऱ्यांना बोचणाऱ्या गोष्टी चिकटल्या आहेत, आणि सांगणाऱ्याला त्या किश्श्याचाच भाग वाटतात.

त्या चार जागा एकेक करून पाहू. पहिली, ‘आमचा अण्णा’. चेन्नईच्या त्या माणसाला नाव आहे, पंधरा वर्षांचा अनुभव आहे आणि डेटाबेसच्या कामात टीममधलं त्याचं स्थान पक्कं आहे. ‘अण्णा’ म्हणजे थोरला भाऊ, शब्द आदराचाच. पण दक्षिणेकडच्या प्रत्येकाला सरसकट तेच म्हटलं की तो माणूस उरत नाही, नुसता नकाशावरचा भाग उरतो. दुसरी, त्याच्या बोलण्याची नक्कल. खोलीतल्या प्रत्येकाच्या इंग्रजीला आपापल्या मातृभाषेचा वास असतो, सांगणाऱ्याच्याही. पण नक्कल एकाचीच होते, आणि त्या दिवसानंतर तो माणूस बैठकीत तोंड उघडण्याआधी स्वतःचे उच्चार तपासू लागतो. तिसरी, जर्मन माणसं घड्याळाची गुलाम. आणि चौथी, ‘सर्व्हर कशाशी खातात हे माहीत नसलेली मुलगी’. सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेली, अजून कायम न झालेली ही प्रशिक्षणार्थी चाळीस जणांसमोर, आणि वर्षअखेरीस तिचं मूल्यमापन करणाऱ्या वरिष्ठांसमोर, ‘काही न कळणारी’ म्हणून ओळखीची होते. मुळात त्या रात्री चूक शोधली होती तिनेच.

आता एक सोपी चाचणी करून बघा. किश्श्यातून माणसाचा प्रांत, भाषा, जात, धर्म, लिंग, वय काढून टाका आणि तो पुन्हा सांगा. त्यानंतरही हसू येत असेल तर ते तपशील फुकटचे होते, गेले ते बरं झालं. आणि ते काढल्यावर किस्सा आडवा पडला, तर याचा अर्थ लोक प्रसंगाला हसणार नव्हते, त्या समाजाला हसणार होते. असा किस्सा दुरुस्त होत नाही. तो टाकूनच द्यावा लागतो. आपल्या टीम लीडरचा किस्सा या चाचणीत तरतो. घाबरलेल्या माणसाचं वायफाय बंद होतं, एवढ्यावर तो उभा राहतो.

पण नुसतं काढून टाकलं की किस्सा सपक होतो, अशी तक्रार पुष्कळ जण करतात, आणि ती खोटी नाही. चिमटे काढले की तिथे भोकं पडतात. ती कशाने भरायची? त्या रात्री खरोखर काय घडलं, त्याने. आपल्या टीम लीडरला शांतपणे विचारलं की फ्रँकफर्टहून उत्तर का आलं नाही, तर त्याला आठवेल की मेल कधी गेलीच नव्हती. वायफाय बंद असताना ती आउटबॉक्समध्येच पडून होती. म्हणजे ‘घड्याळाचे गुलाम’ हे वाक्य बोचरं तर होतंच, शिवाय ते खोटंही होतं, आणि त्याच्याखाली किश्श्यातला सगळ्यात मजेदार तपशील दबून गेला होता. चेन्नईच्या सहकाऱ्याचंही तसंच. तो झोपेत काही बरळला नव्हता. इंटरनेट तपासा हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. ऐकून घेतलं नाही ते टीम लीडरने. एखाद्या समाजाबद्दलचा ठरीव समज सांगणाऱ्याला निरीक्षण करण्यापासून सुटका देतो. समज हाताशी तयारच असतो, मग नेमकं काय घडलं ते आठवायची गरज पडत नाही. माझं मत असं बनलंय की दुखावणारा किस्सा बहुतेक वेळा कच्चाही असतो, आणि दोन्ही दोष एकाच कामाने जातात. ते काम म्हणजे तपशील आठवणं.

दुसरा खर्डा असा होईल:

‘रात्रीचे अडीच. माझ्या स्क्रीनवर आकडा नव्व्याण्णव टक्क्यांवर थांबलेला. दहा मिनिटं मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे. शेवटी मी चेन्नईच्या आपल्या डेटाबेसवाल्या सहकाऱ्याला झोपेतून उठवलं. तो पहिल्याच वाक्यात म्हणाला, “आधी तुमचं इंटरनेट तपासा.” मी म्हटलं, “इंटरनेटचं नंतर बघू, इथे प्रकरण गंभीर आहे.” पुढची पंचवीस मिनिटं मी आणखी चार जणांना जागं केलं, जुन्या सर्व्हरवर परत जायची यादी काढली, आणि फ्रँकफर्टला दोन परिच्छेदांची माफीची मेल लिहिली. मेल काही जाईना. तेव्हा शेजारी बसलेली आपली नवी सहकारी हळूच म्हणाली, “सर, मेल जात नाहीये, कारण तुमचं वायफाय बंद आहे.” डेटा पस्तीस मिनिटांपूर्वीच पोचला होता. तेव्हापासून आपल्या तपासणी यादीतली पहिली ओळ आहे: स्थिती सर्व्हरवर बघा, स्वतःच्या स्क्रीनवर नाही.’

माणसं तीच, रात्र तीच, शेवटही तोच. पण आता हसू येतं ते घाईला आणि घबराटीला, आणि ती दोन्ही सांगणाऱ्याची आहेत. चेन्नईचा सहकारी आणि प्रशिक्षणार्थी हे दोघंच भानावर होते, हे न सांगता कळतं. फ्रँकफर्टचे दोघंही हसू शकतात, कारण त्यांच्यासाठी लिहिलेली माफी त्यांना कधी मिळालीच नाही. शेवटच्या ओळीने किस्सा कामाशी जोडला जातो, त्यामुळे पुढे आकड्यांकडे वळायला वाट मिळते. हा किस्सा सव्वाशे शब्दांच्या आत बसतो. मोठ्याने सांगायला एक मिनिट, फार तर सव्वा. पाच मिनिटांच्या भाषणात किश्श्याला यापेक्षा जास्त वेळ देऊ नये. लांबला की लोक मोठ्या हशाची वाट बघू लागतात, आणि ती अपेक्षा पुरी करायच्या नादात सांगणारा मसाला वाढवतो.

विनोद चालतो कधी आणि बिघडतो कधी, याचा अभ्यास करणाऱ्यांनी एक उपयोगी कल्पना मांडली आहे. 2010 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी म्हटलं की हसू येण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी जाणवाव्या लागतात: काहीतरी चुकतंय, आणि तरी त्यात धोका नाही. काहीच चुकत नसेल तर कंटाळा येतो. चुकतंय पण धोका आहे असं वाटलं तर राग येतो किंवा भीती वाटते. या कल्पनेतला कळीचा प्रश्न पुढचा आहे: धोका नाही, पण कुणाला? ‘सर्व्हर कशाशी खातात’ हे वाक्य दहा वर्षं नोकरी झालेल्या माणसाला निरुपद्रवी वाटतं. जिची नोकरी पुढच्या महिन्यात कायम व्हायची की नाही हे ठरायचंय, तिला ते तसं वाटू शकत नाही. तेच शब्द, तोच आवाज, पण दोन खुर्च्यांवर दोन वेगळे हिशेब.

म्हणूनच ‘कुणी हरकत घेतली नाही, सगळे हसले’ ही साक्ष फार कमकुवत असते. अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मॉलमध्ये, रस्त्यावर, कॉलेजात लोकांच्या खऱ्याखुऱ्या गप्पा टिपल्या, आणि त्यांना दिसलं की बहुतेक हसू विनोदानंतर येतच नाही. ते साध्यासुध्या वाक्यांनंतर येतं, संबंध राखण्यासाठी येतं. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा जास्त हसतो, हेही त्यांनी नोंदवलं. कार्यालयात यात पगार आणि बढती मिसळा. साहेब हसवतोय म्हटल्यावर हसणं ही तिथे एक प्रकारची हजेरी असते. ज्याच्यावर विनोद झाला तो तर सगळ्यात आधी हसतो, कारण न हसणं म्हणजे ‘बघा, मनाला लावून घेतलं’ हे स्वतःच जाहीर करणं.

मग बिघडलं हे ओळखायचं कसं? आवाजाकडे लक्ष देऊ नका, नजरा कुठे जातात ते बघा. साध्या विनोदाला हसणारी माणसं बोलणाऱ्याकडे किंवा आपल्या शेजाऱ्याकडे बघतात. बोचरा विनोद झाला की खोलीतले डोळे क्षणभर एकाच माणसाकडे वळतात, तो हसतोय ना हे बघायला. ही खूण सहसा चुकत नाही. दुसरी खूण उशिरा कळते. चार दिवसांनी कॅन्टीनमध्ये कुणीतरी त्या सहकाऱ्याला ‘सर्वर ओक्के’ अशी हाक मारतो. भाषण संपलेलं असतं, टोपणनाव मागे उरतं.

याच्याही पुढे एक गोष्ट घडते. थॉमस फोर्ड आणि मार्क फर्ग्युसन या मानसशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये एका समाजाला खाली दाखवणाऱ्या विनोदांबद्दल मांडलं की असे विनोद लोकांच्या मनात नवा पूर्वग्रह पेरत नाहीत. ज्यांच्या मनात तो आधीच असतो, त्यांना मोकळीक देतात. एरवी जे बोलायला माणूस कचरतो ते ‘इथे चालतं’ असा इशारा त्यांना मिळतो. कार्यालयात तो इशारा वरच्या खुर्चीवरून आला की त्याचं वजन वाढतं. टीम लीडरच्या मनात तसं काही नसेल, मी त्याच्यावर संशय घेत नाही. पण मागच्या रांगेत बसलेल्या, ‘बायकांना सर्व्हरचं काम झेपत नाही’ असं मनातून मानणाऱ्या एखाद्याला त्याने न कळत परवाना दिलेला असतो.

हेतू आणि परिणाम यांची फारकत किती वेगाने होते, हे दाखवणारं एक जगजाहीर उदाहरण आहे. 2001 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवलेल्यांपैकी एक, ब्रिटिश शास्त्रज्ञ टिम हंट, जून 2015 मध्ये दक्षिण कोरियात सोल इथे विज्ञान पत्रकारांच्या जागतिक परिषदेला गेले होते. एका दुपारच्या जेवणाच्या वेळी ते दोन शब्द बोलायला उठले आणि म्हणाले की प्रयोगशाळेत मुली असल्या की अडचण होते: आपण त्यांच्या प्रेमात पडतो, त्या आपल्या प्रेमात पडतात, आणि टीका केली की रडतात. समोर महिला पत्रकार आणि शास्त्रज्ञ होत्या. काही तासांत ही वाक्यं जगभर फिरली, आणि थोड्याच दिवसांत युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधलं मानद प्राध्यापकपद त्यांनी सोडलं. त्यांच्या बाजूने बोलणारे म्हणाले की ती स्वतःवरचीच गंमत होती आणि पुढे त्यांनी स्त्री-शास्त्रज्ञांचं कौतुकही केलं. त्यांना मिळालेली शिक्षा प्रमाणाबाहेर होती की नव्हती, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलं. आपल्याला इथे दुसरंच बघायचंय. घरच्या माणसांत, वर्षानुवर्षांच्या सहकाऱ्यांत जे वाक्य ‘हा असाच बोलतो’ म्हणून खपलं असतं, ते अनेक देशांतून आलेल्या अनोळखी श्रोत्यांपुढे गेलं. त्यांच्याकडे त्या माणसाचा पूर्वेतिहास नव्हता, फक्त वाक्य होतं. आणि वाक्य तेवढंच बाहेर गेलं, पुढचं कौतुक मागे राहिलं. आजच्या तिमाही बैठका रेकॉर्ड होतात. त्यातला वीस सेकंदांचा तुकडा एकटा फिरला तर कसा दिसेल, हे भाषणाआधी तपासणं त्यामुळे कामाच्या तयारीतच धरावं लागतं.

दुखावण्याइतकीच दुसरी एक अडचण आहे, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. काही किस्से कुणाला बोचत नाहीत, पण अर्ध्या खोलीला बाहेर ठेवतात. पु. ल. देशपांडे मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्यावर बोलले तेव्हा मराठी श्रोता लोटपोट झाला, कारण तिन्ही शहरं त्याच्या ओळखीची होती आणि त्या थट्टेत तो स्वतःही सापडत होता. त्याच धर्तीवर पुण्याच्या दुपारच्या झोपेवरची कोटी कोचीच्या सहकाऱ्याला सांगितली तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. तो हसणाऱ्यांकडे बघून हसतो, आणि ही बैठक आपली नाही हे त्याला पुन्हा एकदा कळतं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर एक आठवण सांगत असत. जपानमधल्या एका भाषणात त्यांनी छोटासा विनोद सांगितला आणि श्रोते कल्पनेपेक्षा फारच जोरात हसले. भाषांतर कसं केलं म्हणून त्यांनी दुभाष्याला खोदून विचारलं, तेव्हा कळलं की त्याने एवढंच सांगितलं होतं: अध्यक्षांनी एक गमतीची गोष्ट सांगितली आहे, सर्वांनी हसावं. आपल्या बैठकीत दुभाषी नसतो, पण पाहुण्या सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर तेच हसू असतं. म्हणून किश्श्याचा आधार सगळ्यांच्या अनुभवातला घ्यावा. अडकलेली लिफ्ट, म्यूटवर राहिलेला माईक, चुकीच्या ग्रुपवर गेलेला निरोप, न जाणारी मेल. यात कुणाला खुलासा लागत नाही. क्रिकेट, सिनेमाचे संवाद, सणावारांचे पदार्थ, आडनावांवरच्या कोट्या यांना तो लागतो. आडनावावरच्या कोटीत तर आपल्याकडे जात लपलेली असतेच, ती कुणी बोलून दाखवो वा न दाखवो.

खऱ्या सहकाऱ्याचा उल्लेख किश्श्यात येणार असेल तर त्याला आधी विचारायला हवं. विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ‘तुझ्यावर एक किस्सा सांगतोय, चालेल ना?’ हा प्रश्न वरिष्ठाने केला की त्याला एकच उत्तर असतं. त्याऐवजी टीम लीडरने दोन दिवस आधी, एकट्याला गाठून, पूर्ण मजकूर द्यावा आणि म्हणावं, ‘माझ्याकडे दोन किस्से आहेत, एक त्या रात्रीचा, एक दुसराच. त्या रात्रीचा सांगितला तर त्यात तू येतोस. कुठला घेऊ?’ आता नकार द्यायला त्याला ‘नाही’ म्हणावं लागत नाही, फक्त दुसरा किस्सा निवडावा लागतो. उत्तर द्यायला त्याने वेळ लावला तर तोच नकार समजावा.

यावर सहज उपाय म्हणून ‘मग विनोद स्वतःवरच करावा’ असं सांगितलं जातं. आपल्याकडे त्याची परंपराही आहे. चि. वि. जोशींचा चिमणराव स्वतःच्या फजित्या स्वतःच सांगतो आणि म्हणून आवडतो. पण कार्यालयात या उपायाला मर्यादा आहेत. ‘माझी बायको मला बोलूच देत नाही’ हा विनोद स्वतःवरचा वाटतो, प्रत्यक्षात तो खोलीतल्या बायकांवर पडतो. ‘आम्ही मराठी माणसं धंद्यात कच्ची’ असं म्हणणारा स्वतःबरोबर आणखी वीस जणांना ओढतो, त्यांना न विचारता. ‘ड्रायव्हर आला नाही म्हणून मला मेट्रोने यावं लागलं’ ही फजिती रोज मेट्रोच्या गर्दीतून येणाऱ्यांना फजिती वाटत नाही. आणि ज्याच्या क्षमतेवर आधीच शंका घेतली जाते, त्याने स्वतःच्या क्षमतेवर विनोद करू नये. आपल्या प्रशिक्षणार्थीने पहिल्याच भाषणात ‘मला तर काही कळतच नाही’ असं हसत म्हटलं, तर काही जण ते माहिती म्हणून लिहून ठेवतील. टीम लीडरला स्वतःची घबराट सांगणं परवडतं, कारण त्याचं काम सिद्ध झालेलं आहे, आणि त्या रात्री कुणाचं नुकसान झालं नव्हतं. डेटा खरोखर हरवला असता, ग्राहकाचे पैसे बुडाले असते, तर हाच किस्सा सांगणं उद्धटपणा ठरला असता.

सराव करताना बहुतेक जण जवळच्या मित्राला ऐकवतात आणि विचारतात, ‘काही खटकत तर नाही ना?’ मित्र म्हणतो, ‘नाही रे, मस्त आहे.’ याने काही कळत नाही. आपल्यासारख्या नसलेल्या, शक्यतो दुसऱ्या विभागातल्या कुणाला तो ऐकवावा, आणि तासाभराने म्हणावं, ‘मी काय सांगितलं ते मला सांग.’ ऐकणारा परत सांगताना किस्सा कुणाचा करतो, तिकडे कान द्यावा. ‘एका टीम लीडरचं वायफाय बंद होतं आणि त्याने रात्री सगळ्यांना उठवलं’ असं आलं तर किस्सा जागेवर आहे. ‘एक मद्राशी होता, तो झोपेत...’ असं आलं तर तुमचा हेतू काहीही असो, लोक तोच घरी घेऊन जाणार आहेत.

सीमेवरचे विषय आणि सीमेपलीकडचे विषय यांत गोंधळ करू नये. लैंगिक सूचकता असलेला विनोद अभिरुचीपुरता राहत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात नकोशी लैंगिक शेरेबाजी छळाच्या व्याख्येतच येते. जात, आरक्षण, धर्म, शरीर, आजारपण यांवरच्या गमतीला भाषणात जागा नाही. बाकीच्या, प्रांतावरच्या गमतींबद्दल ‘कायदा कुठे आडवा येतो’ असं विचारणारे असतात. सरदारजींवरच्या विनोदांवर बंदी घाला अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. लोकांनी कसं वागावं याचे नैतिक दंडक न्यायालय घालून देऊ शकत नाही, अशी भूमिका 2017 मध्ये न्यायालयाने घेतली. म्हणजे इथे निर्णय बोलणाऱ्यावरच येतो, आणि समोर बसलेल्या शीख सहकाऱ्याने तो विनोद शाळेपासून किती वेळा ऐकला असेल, याचा विचार तेवढाच करू शकतो.

प्रत्यक्ष बोलताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. ‘कुणी वाईट वाटून घेऊ नका, पण...’ अशी सुरुवात करू नये. या वाक्यानंतर प्रत्येक जण आपल्यावर काय येतंय याची वाट बघतो. आणि पडद्यावरच्या सहकाऱ्यांसाठी हशाची वाट बघत थांबू नये. त्यांचे माईक बंद असतात, आवाज उशिरा येतो, आणि ती शांतता बघून बोलणारा बिचकतो, मग विनोद समजावून सांगायला लागतो. शेवटची ओळ बोलावी आणि सरळ पुढच्या मुद्द्यावर जावं. हसू मागून आलं तर आलं.

एवढं करूनही एखादं वाक्य लागतं. तेव्हा माफी तिथल्या तिथे आणि एका वाक्यात मागावी: ‘हे मी बोलायला नको होतं, ते मागे घेतो.’ त्यात ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ ही अट नसावी, कारण तिने दोष ऐकणाऱ्याच्या मनाकडे जातो. त्या सहकाऱ्याचं नाव घेऊन सगळ्यांसमोर विचारपूसही करू नये. पुन्हा चाळीस नजरा त्याच्यावर वळतील. नंतर एकट्याला भेटावं, ‘माझा हेतू तसा नव्हता’ हे आधी सांगू नये, तो बोलला तर ऐकावं, नाही बोलला तर आग्रह धरू नये. रेकॉर्डिंग सगळ्यांना जाणार असेल तर ते वाक्य त्याआधी काढून टाकायला सांगावं. आणि चार दिवसांनी कॅन्टीनमध्ये कुणी त्या टोपणनावाने हाक मारली, तर तिथल्या तिथे थांबवण्याचं काम ज्याच्या भाषणातून ते नाव निघालं त्याचंच आहे.